पाचवा स्लॅब पडला

भावाच्या मोबाइलवर बिल्डरच्या ऑफिसातून मेसेज आला, तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. ‘पाचवा स्लॅब पडला. पुढचा हप्ता पंधरा दिवसांत भरावा.’ त्याने तो मोठ्याने वाचला आणि आईचा हात ताटातच थांबला. “पडला? कुणाला लागलं का रे?” तिने विचारलं. आईचं अर्धं आयुष्य गावाकडच्या दगडमातीच्या घरात गेलेलं. ‘स्लॅब पडला’ म्हणजे काँक्रीट ओतून झालं, ही बिल्डरची भाषा तिला कुठून ठाऊक असणार? भावाने समजावून सांगितलं, ती हसली आणि जेवण पुढे सुरू झालं. मला मात्र तिचा प्रश्न सुटेना. एकाच क्रियापदात या शहरात हप्ता मागितला जातो आणि त्याच क्रियापदात एखादे दिवशी बातमी येते.

पुढच्या रविवारी मी भावाबरोबर त्याची इमारत पाहायला उंड्रीला गेले. २०१७ साली महापालिकेत आलेल्या ११ गावांतलं हे एक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सांगाडे उभे होते. नुसते कॉलम, बीम आणि स्लॅब, भिंत एकही नाही, आरपार आभाळ दिसत होतं. पुण्याच्या कोणत्याही टोकाला जा, नऱ्हे, वाघोली, सूस, मांजरी, हे दृश्य चुकत नाही. वर्षानुवर्षं मी बसच्या खिडकीतून ते बघत आले होते आणि ‘काम चालू आहे’ यापलीकडे त्यात काही वाचलं नव्हतं. या वेळी बरोबर आमच्या शेजारचे काका होते. चाळीस वर्षं आरसीसीचे हिशेब केलेले निवृत्त इंजिनियर. गाडीतून उतरताच भाऊ हौसेने वर बोट करून मजले मोजू लागला. काका म्हणाले, “वर नको बघूस. खालचे जॅक मोज.”

त्या एका वाक्यापासून हा लेख सुरू झाला.

आधी सांगाडाच का उभा राहतो, ते सांगते. उत्तर विटांपेक्षा पैशात जास्त आहे. महाराष्ट्रात फ्लॅटच्या कराराचा जो नमुना महारेराने ठरवून दिला आहे, त्यात हप्त्यांच्या पायऱ्या आहेत. चौथरा, म्हणजे प्लिंथ, पूर्ण होईपर्यंत किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. सगळे स्लॅब झाले की ७० टक्क्यांपर्यंत. त्यानंतर भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या हे सगळं पुरं झाल्यावर ७५ टक्के. हिशेबाला ८० लाखांचा फ्लॅट आणि दहा स्लॅबची इमारत धरू. प्लिंथला ३६ लाख गेले. पुढचे २० लाख दहा स्लॅबमध्ये वाटले, म्हणजे दर स्लॅबला २ लाख. शेवटचा स्लॅब पडेपर्यंत माणसाचे ५६ लाख देऊन झालेले असतात. मग विटा रचायच्या, गिलावा करायचा, फरशी बसवायची, चौकटी लावायच्या, महिनोन्‌महिने चालणारं हे कटकटीचं काम, आणि त्याला पायरी ४ लाखांची!

आता बांधणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. स्लॅब मोजता येतो, त्याचा फोटो निघतो, बँकेचा माणूस येऊन वर बघतो आणि कर्जाचा पुढचा तुकडा सोडतो. भिंतीचं तसं नाही. म्हणून हात आधी वरच्या मजल्याकडे वळतात आणि खालचे मजले उघडे राहतात. रेराचा कायदा २०१६ चा, महारेराचं काम मे २०१७ पासून. त्या कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, आणि इंजिनियर, आर्किटेक्ट व सीए यांच्या दाखल्यांशिवाय, काम जितकं झालं त्या प्रमाणाबाहेर, ते काढता येत नाहीत. त्यामुळे एका इमारतीचा पैसा दुसऱ्या जमिनीत घालण्याला लगाम बसला. पण पायऱ्यांचा चढ तोच राहिला. माझं मत विचाराल तर पुण्याच्या कडेचे ते उघडे सांगाडे म्हणजे या हप्त्यांच्या तक्त्याचं काँक्रीटमधलं चित्र आहे. एखाद्या सांगाड्यात दहा स्लॅब झालेत, विटा तिसऱ्या मजल्यावर थांबल्यात आणि त्या विटांवर शेवाळ धरलंय असं दिसलं, तर पैसे कुठल्या पायरीवर अडकले ते रस्त्यावरून कळतं.

आता काकांचे जॅक.

पाच इंची स्लॅब घ्या, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. त्याचं वजन चौरस मीटरला ३१० किलोच्या आसपास भरतं. मजला ३०० चौरस मीटरचा असेल तर नुसत्या स्लॅबचे ९० टनांहून जास्त झाले, बीम वेगळे. हे सगळं काही तासांत, सहा-सात मिक्सर गाड्यांतून, पंपाने वर चढतं आणि त्या क्षणी ते असतं चिखल. स्वतःला सावरण्याची ताकद त्यात शून्य. ते पेलतं सेंट्रिंग, म्हणजे खालचे प्लाय, चॅनेल आणि टेकू. पूर्वी लाकडी बल्ल्या असत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी जॅक. ते जॅक उभे असतात खालच्या स्लॅबवर. तो स्लॅब जेमतेम दोन आठवड्यांचा. राहत्या घरात माणसं आणि सामान यांचा म्हणून चौरस मीटरला २०० किलो भार हिशेबात धरतात. इथे त्याच्या दीडपट ओझं, वर शटरिंग, वर काम करणारी माणसं, आणि पंपाच्या पाइपाचे धक्के. एकट्या खालच्या मजल्याने हे पेलावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून त्याच्याही खाली जॅक ठेवतात, आणि त्याच्याही खाली. ओझं दोन-तीन मजल्यांत वाटलं जातं.

“ताज्या स्लॅबच्या खाली किमान दोन मजले टेकूंनी भरलेले दिसले पाहिजेत,” काका म्हणाले. “एकाच मजल्यात जॅक आणि त्याखाली मोकळं मैदान दिसलं, तर समजावं की ठेकेदाराकडे जॅक कमी आहेत किंवा घाई जास्त आहे.”

भारतीय मानक ४५६ यात दिवस दिलेले आहेत. साधं सिमेंट आणि नेहमीचं हवामान असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४ दिवस. बीमचे सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. स्लॅबचा प्लाय तीन दिवसांनी काढता येतो, पण टेकू लगेच परत लावायचे. राखमिश्रित सिमेंटला ताकद सावकाश येते, तिथे आणखी थांबावं लागतं. हे आकडे साइटवरच्या प्रत्येक फोरमनला तोंडपाठ असतात. आणि मोडले तर तेच सर्वांत आधी मोडतात, कारण जॅक भाड्याचे असतात, आणि वरचा स्लॅब पडल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही.

काकांनी आणखी काही खुणा दाखवल्या. जॅक ओळंब्यात हवा. कललेला जॅक अर्ध्या कामाचाही नाही. त्याच्या पायाखाली फळी हवी, विटेचा तुकडा नको. दोन बल्ल्या खिळ्यांनी जोडून उंची गाठलेली असेल तर ती जोड कुठे आहे ते बघावं. मधोमध असेल तर तिथून दूर उभं राहावं. टेकूंना आडवे-तिरपे बांध हवेत, नाहीतर सगळे मिळून एका बाजूला लवंडतात. पार्किंगच्या वरचा पहिला स्लॅब तर जास्तच जपायचा, कारण तिथे उंची अधिक असते आणि टेकू मातीच्या भरावावर उभे असतात. पावसात भराव खचला की एकच टेकू सैल होतो, त्याचं ओझं शेजाऱ्यावर जातं, मग त्याच्या शेजाऱ्यावर.

२९ जुलै २०१६ ला बालेवाडीत एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब भरत असताना कोसळला. नऊ मजूर गेले. त्यांतले बहुतेक स्लॅबवर उभे होते, म्हणजे ज्यांच्या हातून काँक्रीट पसरलं जात होतं तेच. मी तेव्हा ती बातमी वाचली होती आणि मजला किती उंच होता एवढंच लक्षात राहिलं होतं. आता कळतं की ओतलेला चिखल दगड होईपर्यंतचे ते तास प्रत्येक स्लॅबला, प्रत्येक मजल्यावर येतात. भावाच्या इमारतीत दहा वेळा यायचे होते.

उंड्रीहून परतताना मी काकांना विचारलं की एवढ्या इमारतींत क्रेन का दिसत नाहीत. दुबईचा किंवा युरोपातला कुठलाही फोटो काढा, तीन मजली कामावरसुद्धा टॉवर क्रेन असते. पुण्यात मी पंधरा-वीस मजल्यांच्या साइट मोजल्या, कित्येकींवर एकही नव्हती.

“कारण माणूस स्वस्त आहे,” ते म्हणाले. आवाजात खंत होती.

हे समजून घेण्यासारखं आहे. बांधकामात वर न्यायच्या गोष्टी तीन : काँक्रीट, लोखंड आणि साचे. काँक्रीट पंपाने जातं. लोखंड होइस्टने, किंवा मजल्यामजल्यावर माणसं उभी करून हातोहात. राहिले साचे. गेली काही वर्षं पुण्यात ॲल्युमिनियमचे साचे आले आहेत, सगळे त्यांना ‘मिवान’ म्हणतात. एकेक पत्रा एका माणसाला उचलता येईल इतक्या वजनाचा असतो. स्लॅबमध्ये ठरावीक ठिकाणी चौकोनी भोकं ठेवतात आणि त्या भोकांतून खालच्या मजल्याचे पत्रे हाताने वर देतात. अशा पद्धतीने आठवड्याला एक मजला उभा राहतो आणि क्रेन लागतच नाही. जिथे मजुराचा दिवस महाग आहे तिथे साचा मोठा करतात, खोलीएवढा, आणि तो क्रेनने उचलतात. इथे साचा माणसाच्या खांद्याच्या मापाने कापला आहे. इमारत पाहून देश ओळखायचा तर क्रेन कुठे आहे यापेक्षा कुठे नाही ते बघावं, असं मला आता वाटतं.

मिवानमध्ये भिंतीही काँक्रीटच्याच, स्लॅबबरोबर एकदम ओतलेल्या. त्यामुळे अशा इमारतीला आरपार सांगाड्याची अवस्था नसते. ती पहिल्या दिवसापासून खिडक्यांच्या भोकांसह बंद पेटीसारखी चढते. कडेच्या उघड्या चौकटी हळूहळू कमी होतील, त्या याच कारणाने.

क्रेन दिसते ती मोठ्या पैशाच्या जागी. खराडी, बाणेर, बालेवाडी, कार्यालयांचे मनोरे. जिथे मजले उंच असतात, लोखंडाच्या जाळ्या जमिनीवर बांधून अख्ख्या उचलाव्या लागतात, आणि क्रेनचं महिन्याचं भाडं परवडतं. क्रेनची ताकद एकच एक नसते, ती अंतराबरोबर बदलते. बुंध्यापासून ६० मीटरवर, हाताच्या टोकाला, जी क्रेन सव्वा टन उचलते, ती २० मीटरवर कितीतरी जास्त उचलते. एक घनमीटर काँक्रीटचं वजन २.४ टन, म्हणजे भरलेली बादली टोकापर्यंत जाऊच शकत नाही. क्रेन असूनही शेजारी पंप का उभा असतो, त्याचं कारण हे.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मी वेताळ टेकडीवर गेले होते. पश्चिमेकडे पाषाण, बाणेर, बालेवाडी पसरलेलं आणि त्यातून क्रेन उभ्या. कामं थांबलेली होती. त्या सगळ्यांचे लांब हात एकाच दिशेला होते, पूर्वेकडे. कुणी तसे लावून ठेवलेले नव्हते. काम संपलं की ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक सोडून खाली उतरतो. मग देवळावरचा झेंडा वळतो तशी क्रेन वाऱ्याबरोबर वळते, लांब हात वाऱ्याच्या पाठीकडे जातो आणि बुंध्यावरचा ताण कमी राहतो. ब्रेक लावून ठेवला तर वाऱ्याचा सगळा रेटा त्या आडव्या हातावर बसतो. वळवाच्या वादळात शेजारच्या सगळ्या क्रेन वळल्या आणि एक ताठ उभी राहिली असं दिसलं, तर तिच्याखालून जाऊ नये. दुसरी खूणही तितकीच साधी आहे. महिनोन्‌महिने हूक वर ओढलेला, वाऱ्याबरोबर फिरतेय पण दिवसा कधी ओझं घेत नाही, अशी क्रेन म्हणजे भाडं थकलेलं किंवा वाद कोर्टात गेलेला.

शहराच्या आत शिरलं की चित्र पुरतं बदलतं. इथे क्रेन नाही, सांगाडा नाही, इथे बांबू आहे. आमच्या कोथरूडच्या तीस वर्षं जुन्या सोसायटीला रंग आणि गिलाव्याची डागडुजी निघाली, तेव्हा परांची बांधायला चार माणसं आली. त्यांच्याबरोबर एक टेम्पो बांबू आणि काथ्याच्या गुंडाळ्या. मोजमापाची फीत कुणाकडे नव्हती.

मी खिडकीत बसून दोन दिवस बघितलं. आधी उभे बांबू रोवले. त्यांना आडवे बांधले, माणसाचा हात भिंतीवर खालपासून वरपर्यंत फिरेल इतक्या अंतरावर. मग तिरपे, त्याला ते कैची म्हणत. परांची पुढे झुकू नये म्हणून त्यांनी आमच्या खिडकीतून एक आखूड बांबू आत घेतला, खिडकीच्या दोन्ही कडांवर आतून आडवा टेकवला आणि बाहेरच्या उभ्याशी बांधून टाकला. भिंतीला भोक न पाडता अख्खी परांची घराला धरून राहिली. आमच्या दिवाणखान्यात महिनाभर तो बांबू होता. आई त्यावर नॅपकिन वाळत घालायची.

बांबूला खिळा मारत नाहीत, याला कारण आहे. त्याचे सगळे तंतू लांबीला समांतर, आणि सर्वांत दाट ते बाहेरच्या सालीजवळ. लांबीच्या दिशेने ओढा, तो दाद देणार नाही. पण आडवी पाचर गेली की एका सरळ रेषेत चिरतो. म्हणून बांधणं, आणि बांधण्याची जागा पेराजवळ, म्हणजे दोरी घसरत नाही. हिरवा बांबू वापरला तर तो वाळताना आकसतो आणि आठ-पंधरा दिवसांत गाठी ढिल्या पडतात. त्या पुन्हा आवळाव्या लागतात. जुन्या बांबूला वेगळा रोग. त्यात पिष्ट असतं आणि भुंगा त्यासाठी येतो. बुंध्याशी पिवळसर पीठ पडलेलं दिसलं की तो बांबू आतून पोखरलेला. कळक तोडणारी माणसं तीन वर्षांच्या आतला कोंब तोडत नाहीत, आणि कोकण-मावळात अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असंही मानतात.

पुण्यात बांबू म्हटलं की बुरूड आळी. गणपतीच्या आधी तिथे मांडवांची गर्दी असते, एरवी परांचीवाल्यांची. गंमत वाटण्यासारखी नाही, पण सांगायला हवी अशी एक गोष्ट : १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं. म्हणून स्वतःच्या बांधावरचा कळक तोडून शहरात आणायलाही शेतकऱ्याला वाहतुकीचा परवाना लागायचा. २०१७ च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला. नव्वद वर्षं एका गवताला झाड समजण्यात गेली.

बांबूची परांची पाहून पुण्यात काय ओळखायचं? काम छोटं आहे, बहुधा चार-पाच मजल्यांचं, गिलाव्याचं किंवा रंगाचं. ठेका तोंडी आहे. आणि मालक राहता माणूस आहे. मोठ्या साइटवर लोखंडी नळ्यांची परांची आणि दोराने लोंबकळणारा झुला आला आहे. बांबूवर उंच चढत आलेलं प्रसिद्ध शहर म्हणजे हाँगकाँग. तिथे बांधायला काळ्या नायलॉनच्या पट्ट्या असतात आणि बांधणाऱ्याला परवाना लागतो. २६ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या ताय पो भागात दुरुस्ती चालू असलेल्या इमारतींना आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. पहिल्या दिवशी जगभर बांबूकडे बोट गेलं. तपासात बाहेर गुंडाळलेली जाळी आणि खिडक्यांवर चिकटवलेला फोम हेही पुढे आले. पुण्यात प्रत्येक रंगकामाला जी हिरवी जाळी लावतात, ती जळू शकते का, हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या सभेत कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आणखी एक खूण आमच्या स्वतःच्या जुन्या घरावर आहे. बाबांनी १९९८ मध्ये धायरीला गुंठा-दीड गुंठ्यावर एक मजला बांधला. गच्चीवर चारही कोपऱ्यांत आणि मधल्या कॉलमांवर सळया सोडल्या. वरचा मजला धाकट्याच्या लग्नाच्या आधी चढवायचा, असं ठरलेलं. त्या सळयांना आईने कपड्यांची दोरी बांधली, आम्ही तिथून पतंग उडवले, आणि मजला काही चढला नाही.

अशा सळया ग्रीसमध्ये, इजिप्तमध्येही दिसतात, आणि तिथे त्यामागे कराची पळवाट असल्याचं पर्यटकांना सांगितलं जातं. धायरी, आंबेगावला कारण दुसरं. जमीन गुंठ्यांत विकलेली, बिगरशेती झालेली नाही, नकाशा मंजूर नाही. म्हणून बँकेचं गृहकर्ज नाही. घर भिशी, पीएफ आणि सोनं यांतून मजल्यामजल्याने उभं राहतं. अशी घरं नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो २०२० च्या अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. मधल्या वीस वर्षांत परवानगी कुणाकडे मागायची तेही बदलत राहिलं : ग्रामपंचायत, मग २०१५ पासून पीएमआरडीए, मग २०१७ पासून महापालिका. सळया वरतीच राहिल्या.

भावाने फ्लॅट घेण्याआधी काकांना मी त्या गच्चीवर नेलं होतं. त्यांनी फीत काढली. नवा मजला जोडायचा तर जुन्या आणि नव्या सळया शेजारी शेजारी ठरावीक लांबीपर्यंत जुळाव्या लागतात, सळईच्या जाडीच्या साधारण पन्नासपट. १६ मिलिमीटरच्या सळईला ८० सेंटिमीटर. आमच्या सळया ४५ भरल्या. बाबांनी लोखंडाचा भाव बघून दीड फुटावर कापून घेतल्या होत्या. मग काकांनी तारेच्या ब्रशने एक सळई घासली. गंजाची नुसती तांबूस पूड निघाली असती तर चाललं असतं. इथे पापुद्रे सुटले, आणि कॅलिपरमध्ये सळई १४ च्याही खाली आली. काँक्रीटमध्ये शिरते त्या जागी, जिथे पाणी साचतं, तिथे सर्वांत बारीक. सोडतानाच सळयांवर कच्च्या काँक्रीटचं आवरण घातलं असतं, किंवा निदान दरवर्षी सिमेंटचा हात मारला असता, तर वाचल्या असत्या. “यावर मजला नाही चढायचा,” काका म्हणाले. बाबा बाजूला उभे होते. त्यांनी सळईवरून हात फिरवला आणि हाताला लागलेला गंज पायजम्याला पुसला. भावाने उंड्रीला फ्लॅट बुक केला तो त्यानंतर.

हे सगळं बांधतं कोण, हे बांबू किंवा क्रेन पाहून कळत नाही. त्याला इमारतीच्या मागे जावं लागतं, जिथे पत्र्याच्या खोल्यांची रांग असते. २९ जून २०१९ च्या पहाटे, मुसळधार पावसात, कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या अशाच खोल्यांवर कोसळली आणि १५ जणं झोपेत गेली, त्यांत लहान मुलंही होती. भिंतीच्या एका बाजूला भरावाची माती, दुसऱ्या बाजूला खोदाई, आणि त्या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत खोल्या. साइटवरची सर्वांत निरुपयोगी जागा मजुरांच्या राहण्याला मिळते, आणि निरुपयोगी म्हणजे बहुतेक वेळा धोक्याची. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात एका मोठ्या बांधकामावर लोखंडाची जाळी कोसळून पाच मजूर गेले. दोन्ही वेळा मृतांच्या यादीत बिहारच्या एकाच जिल्ह्याचं नाव होतं, कटिहार. पुण्यातल्या कितीजणांना कटिहार नकाशावर दाखवता येईल? आपल्या घरांचं लोखंड मात्र तिथल्या हातांनी बांधलेलं आहे.

या लोकांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो आणि मंडळाकडे जातो. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराने नोंद करायची. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा. आणि मजूर तर स्लॅब संपला की साइट बदलतो, ठेकेदार बदलतो. कायदा माणूस एका जागी राहतो असं धरून चालतो.

भावाच्या इमारतीचा सातवा स्लॅब होता त्या दिवशी मी पुन्हा गेले. संध्याकाळ झाली होती, शेवटची मिक्सर गाडी धुऊन निघाली होती. वर दोन माणसं पृष्ठभागावर पाटा ओढत होती. खाली मी जॅक मोजले; तीन मजले भरलेले होते. फाटकापाशी लोखंड बांधणारी चार-पाच मुलं चहा पीत उभी होती, कंबरेला तारेची जुडी, हातात आकडा. त्यांतल्या एकाने विचारलं, “दीदी, आपका कौन सा?” मी चौथ्या मजल्याचा डावा कोपरा दाखवला. तिथे भिंत नव्हती, मागचं आभाळ दिसत होतं. त्याने पाहिलं, बोट वर केलं आणि एकेक जागा दाखवत गेला. तो बीम त्याने बांधला होता, आणि शेजारचा त्याच्या भावाने. “किचन उधर आएगा,” तो म्हणाला, “और वो जो खाली है ना, वहाँ खिड़की.”